जुन्या पेपरातल्या फॉर्म्युल्यांवर पाच महिने: शॉर्टेस्ट डिस्टन्सने दिलेला दणका

सीईटीसाठी व्हेक्टर आणि थ्रीडी मी पाच महिने फक्त जुन्या पेपरांवरून केलं. सेट निम्म्या किमतीत सेकंडहँड मिळाला, त्यामुळे क्लासचा वेगळा पैसा नाही गेला. पहिले दोन महिने मी एकदम खुश होतो, कारण तेच सात-आठ फॉर्म्युले फिरून फिरून येतात. त्यातला माझा लाडका म्हणजे दोन रेषांमधलं शॉर्टेस्ट डिस्टन्स:

```
d = |(a2 - a1)·(b1×b2)| / |b1×b2|
```

मग मॉकमध्ये ह्या दोन रेषा आल्या:

```
(x-1)/2 = (y-2)/3 = (z+4)/6
(x-3)/4 = (y-3)/6 = (z+5)/12
```

क्रॉस प्रॉडक्ट शून्य आला, वर शून्य, खाली शून्य. मी अंतर शून्य धरून रेषा छेदतात असं ठोकलं आणि दोन मार्क गेले. खरंतर 4, 6, 12 म्हणजे 2, 3, 6 ची दुप्पट, रेषा समांतर आहेत, आणि समांतर रेषांना हा फॉर्म्युला चालतच नाही! तिथे |(a2 - a1)×b| / |b| लागतो. a2 - a1 = (2, 1, -1), b = (2, 3, 6), क्रॉस केल्यावर मॅग्निट्यूड √293, खाली 7, उत्तर √293/7. त्या दिवशी रागाने सेट रद्दीत टाकणार होतो.

पण नंतर मत बदललं, कारण चूक सेटची नव्हती, मी रेषा न बघताच आकडे भरत होतो. दुसरा असाच सापळा चिन्हाचा:

```
(1-x)/2 = (y-2)/3 = (z-3)/4
(x-2)/3 = (y-4)/4 = (z-5)/5
```

पहिली रेषा पाहून हात आपोआप (2, 3, 4) लिहितो आणि उत्तर 1/√6 येतं, ऑप्शनमध्ये ते असलं की मनात शंकाही येत नाही. पण 1-x चं x-1 केलं की खाली -2 होतं, म्हणजे b1 = (-2, 3, 4). मग क्रॉस (-1, 22, -17), (1, 2, 2) सोबत डॉट 9, मॅग्निट्यूड √774, म्हणजे 3√86, उत्तर 3/√86. क्रॉस बरोबर आलाय का ते बघायला त्याचा b1 शी डॉट घ्या, 2+66-68 = 0, आणि b2 शी पण शून्य यायला हवा. मला यात दहा सेकंद लागतात. ही तपासणी क्रॉसच्या हिशोबातली चूक पकडते, पण b1 च चुकीचा लिहिला असेल तर ते नाही पकडत, त्यामुळे चिन्ह आधीच बघावं लागतं.

आता मी प्रत्येक प्रश्नात आधी x, y, z चे कोइफिशंट 1 करून घेतो, मग डायरेक्शन रेशो प्रमाणात आहेत का बघतो, आणि नंतरच फॉर्म्युला. सेट जेईई मेनचा घेत असाल तर २०२४ पासून तिथल्या सिलॅबसमधून प्लेन काढलाय, ते प्रश्न सोडून द्या, सीईटीवाल्यांनी मात्र सोडू नका.