एटीएसमधले नॉक-आउट प्रश्न: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या एटीएसमधील, म्हणजे भरतीचे अर्ज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, नॉक-आउट प्रश्नांची सोय मला सुरुवातीला फार आवडली होती: ठरवलेल्या अटीत न बसणारे उत्तर आले, की अर्ज आपोआप बाद होतो. लेखापाल पदाच्या भरतीत मात्र आमच्याच एका सहकाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराला अर्ज पाठवताक्षणी नकाराचा मेल गेला आणि त्यानंतर मी ही सोय मुळापासून तपासायला घेतली.

प्रश्न साधा होता: ‘या कामाचा किती वर्षांचा अनुभव आहे?’ किमान उत्तर ३ ठेवलेले होते. या उमेदवाराचा सध्याच्या नोकरीतील अनुभव २ वर्षे १० महिन्यांचा होता आणि त्याआधी वर्षभर त्याने वेगळ्या पदनामाखाली जवळजवळ हेच काम केले होते. उत्तराच्या चौकटीत दशांश चालत नाही, फक्त पूर्णांक चालतो, हे अर्जदाराला कुठेही सांगितले जात नाही, २.८ टाकल्यावर केवळ लाल रेघ दिसते. त्याने प्रामाणिकपणे २ लिहिले आणि तो बाद झाला. त्याच पदासाठी जेमतेम २ वर्षांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या एकाने सढळ हाताने ३ लिहिले आणि तो मुलाखतीपर्यंत पोहोचला. म्हणजे ही चौकट अनुभव मोजतच नाही, कोण आकडा वर ओढतो आणि कोण खाली, एवढेच ती मोजते.

हा प्रकार किती पसरला आहे हे पाहणेही सोपे नव्हते. डॅशबोर्डवर बाद झालेल्यांची एकूण संख्या दिसते. कोणत्या प्रश्नाने कोण बाद झाले, हे पाहण्यासाठी सगळा तपशील सीएसव्हीमध्ये उतरवून स्वतःच वर्गवारी करावी लागते. ती केल्यावर अनुभवाच्या प्रश्नावर बाद झालेल्यांपैकी बहुतेकांचे उत्तर २ होते, ० किंवा १ लिहिणारे थोडेच होते. बाद झालेले अर्ज मर्यादेच्या अगदी खाली असे साचलेले दिसले, की अर्जदारांऐवजी मर्यादेकडे संशयाने पाहावे.

तेव्हा माझे मत असे झाले होते, की आपोआप नकार देण्याची सोय सरसकट बंदच करावी. ते मत आता मी बदलले आहे, कारण रात्रपाळीच्या पदासाठी विचारलेल्या ‘रात्री काम करणे तुम्हाला शक्य आहे का?’ या प्रश्नाने एकही चांगला उमेदवार गमावलेला मला आढळला नाही. तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्याला कितीही कौशल्य असले तरी ते पद देता येत नाही आणि उत्तरात मोजमापाचा घोळही नसतो. म्हणून आता नवा प्रश्न नॉक-आउट करण्यापूर्वी मी संबंधित विभागप्रमुखांना विचारते, की ही अट पूर्ण न करणाऱ्या कोणाला तुम्ही कधी घेतले आहे का. ‘हो, एकदोघांना घेतले आहे’ असे उत्तर आले, तर ती अट पसंतीची आहे, बाद करण्याची नाही. कायद्याने बंधनकारक असलेला परवाना या कसोटीवर टिकतो, वर्षांचा आकडा टिकत नाही.

लेखापालाच्या पदासाठी वर्षे विचारणे मी थांबवलेले नाही, पण ते उत्तर आता केवळ यादी लावण्यासाठी वापरते. नॉक-आउटचा प्रश्न असा आहे: ‘महिनाअखेरचे हिशेब तुम्ही बंद केले आहेत का?’ त्याला ‘कधीच नाही’, ‘देखरेखीखाली’ आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे तीन पर्याय आहेत आणि त्यातील पहिल्यानेच अर्ज बाद होतो. मधला पर्याय असल्यामुळे काठावरच्या माणसाला आकडा फुगवावा लागत नाही.

आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. जुन्या पदाची प्रत काढून नवे पद उघडले आणि प्रश्नाचे शब्द बदलले, तरी बाद करणारे उत्तर जुनेच राहते. ‘तुमच्याकडे काम करण्याचा परवाना आहे का?’ याऐवजी ‘परवान्यासाठी आमची मदत लागेल का?’ असे लिहिले, की योग्य उत्तर ‘नाही’ होते आणि आतला नियम मात्र ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच बाहेर काढत राहतो. त्यामुळे पद जाहीर करण्यापूर्वी दोन खोटे अर्ज भरावेत, एक पात्र माणसाचा आणि एक अपात्र माणसाचा. ऐच्छिक प्रश्न रिकामा सोडूनही पाहावे, कारण आमच्याकडे रिकामे उत्तर म्हणजे नापास धरले जाते.

माझा खरा राग मात्र नकाराच्या मेलवर आहे. तो दोन दिवस थांबवून ठेवता आला, तर वरच्या बहुतेक चुका कोणालाही न दुखावता दुरुस्त होतील, पण ही साधी सवलत सॉफ्टवेअरच्या कंपनीने महागड्या योजनेत ठेवली आहे. तेवढ्यासाठी ज्यादा पैसे मोजायची माझी तयारी नाही. म्हणून मी नियमाची कृती ‘नकार द्या’ वरून ‘टप्पा बदला’ अशी केली, ‘पुन्हा पाहायचे’ नावाचा टप्पा तयार केला आणि रोज सायंकाळी तिथले अर्ज उघडून रेझ्युमे उत्तराशी ताडून पाहते. जिथे दोन्ही जुळतात तिथे नकार हाताने पाठवते. अर्जांची संख्या हजारांत गेली तर ही पद्धत टिकणार नाही, पण आमच्या भरतीच्या प्रमाणात ती रोज अर्ध्या तासात उरकते.