झॉम्बीज घ्यायचं की किलिंग फ्लोर 2? राउंड वाढला की नक्की काय वाढतं ते आधी बघा

ग्रुपमध्ये हा प्रश्न सारखा येतो. रात्री दोन तास मिळतात, दोन ते सहा जण असतात, काहीतरी वेव्हवालं खेळायचंय, कोणतं घेऊ? उत्तरं येतात ती ग्राफिक्स भारी, गन्स भारी अशी. माझ्या मते ठरवायचं ते एकाच गोष्टीवर. पुढच्या राउंडला गेम तुमच्यावर नक्की काय वाढवतो? शत्रूंची संख्या, त्यांचं हेल्थ, की त्यांचे प्रकार? या तीनपैकी कशावर भर आहे त्यावरच पंधराव्या राउंडला तुमचा ग्रुप मजेत असेल की वैतागलेला हे ठरतं.

आधी कॉल ऑफ ड्यूटी झॉम्बीज. इथे मी जुन्या पद्धतीचं धरतोय, म्हणजे 2008 च्या वर्ल्ड ॲट वॉरपासून ब्लॅक ऑप्स 3 पर्यंतचं, कारण नंतरच्या भागांत गणित बरंच बदललं. पहिल्या राउंडला झॉम्बीचं हेल्थ 150. नवव्या राउंडपर्यंत दर राउंडला सरळ 100 वाढतं, म्हणजे नवव्याला 950. आणि दहाव्यापासून दर राउंडला दहा टक्के, तेही आधीच्या आकड्यावर, म्हणजे चक्रवाढ. दहा टक्के ऐकायला काहीच वाटत नाही पण विसाव्या राउंडला ते साधारण 2,700 होतं, तिसाव्याला 7,000 च्या वर आणि पन्नासाव्याला 47,000 च्या आसपास. तुमच्या बंदुकीचं डॅमेज मात्र पॅक-ए-पंच मशीनमध्ये अपग्रेड केलं की तिथेच थांबतं. म्हणून तिशीच्या आसपास सगळ्यांना एकच अनुभव येतो की कालपर्यंत कापत जाणारी गन आज अख्खी मॅगझिन खाऊन एकच झॉम्बी पाडते. तुमचा नेम कुठे बिघडलेला नसतो, वक्ररेषा पुढे निघून गेलेली असते.

संख्येचं गणित वेगळं आहे आणि तिथेच खरी गंमत आहे.

```
m = round / 5   (किमान 1)
round >= 10 असेल तर  m = m * round * 0.15
एकटा खेळाडू : 24 + 3 * m
n खेळाडू    : 24 + (n - 1) * 6 * m
```

पहिल्या पाच राउंडना या उत्तराचा फक्त काही भाग घेतात, पाव, तीस टक्के, अर्धा असं करत, म्हणून एकट्याला सुरुवातीला 6, 8, 13 असे मोजकेच येतात. विसाव्या राउंडला m होतो 12, म्हणजे एकट्याला 60 झॉम्बी आणि चौघांना 240. आता 240 ला चारने भागा. माणशी 60. म्हणजे विसाव्या राउंडला चौघांच्या ग्रुपमध्ये माणशी ओझं बरोबर एकट्याइतकंच. दहाव्या राउंडला बघितलं तर एकट्याला 33 आणि चौघांना मिळून 78, माणशी वीससुद्धा नाही. आणि तिसाव्याला उलटं, एकट्याला 105 पण चौघांना 510, माणशी 127 च्या वर. चौघं मिळून खेळताना पहिली वीस राउंड सोपी वाटतात आणि मग अचानक गाडी घसरते, त्यामागे हे आहे. ग्रुपला वाटतं कोणीतरी चुकतंय आणि भांडणं सुरू होतात, खरं तर फॉर्म्युल्यात कोऑपची रेघ एकट्याच्या रेघेला विसाव्याला कापून वर गेलेली असते.

हेल्थ आणि संख्या एकत्र धरली तर अजून स्पष्ट होतं. चौघांचा विसावा राउंड म्हणजे एकूण साधारण साडेसहा लाख हेल्थ फोडायचं, तिसावा म्हणजे पस्तीस लाखांच्या वर. दहा राउंडमध्ये साडेपाच पट काम.

पण एका वेळी मॅपवर जिवंत झॉम्बी 24 च्या आसपासच असतात, बाकीचे रांगेत थांबतात, एक मेला की दुसरा येतो. हा कॅप फार महत्त्वाचा. त्याच्यामुळे तिसाव्या राउंडलाही तुमच्या मागे दिसणारी गर्दी दहाव्याइतकीच असते, बदलतो तो नवे झॉम्बी येण्याचा वेग आणि सगळे संपायला लागणारा वेळ. दोन झॉम्बी स्पॉन होण्यामधलं अंतर 2 सेकंदांपासून सुरू होऊन दर राउंडला पाच टक्क्यांनी कमी होतं, विसाव्याला ते पाऊण सेकंदावर येतं. सुरुवातीला झॉम्बी चालत येतात, आठ-नऊ राउंडपर्यंत जवळपास सगळे पळायला लागतात. म्हणून ट्रेन करणं, म्हणजे सगळ्यांना एका गोलात मागे फिरवून एकत्र गोळा करणं, हा इथला मुख्य स्किल आहे. तो एकदा जमला की पुढचे राउंड म्हणजे तेच काम जास्त वेळ करणं.

प्रकारांच्या बाबतीत जुनं झॉम्बीज कंजूष आहे. किनो डेर टोटेनसारख्या मॅपवर चार-पाच राउंडनी एकदा कुत्र्यांचा राउंड येतो, मध्ये गॅस सोडणारे क्रॉलर येतात, एवढंच. आणि कुत्र्यांचा राउंड तर खरा आरामच असतो, संपला की मॅक्स ॲमो मिळतो. सगळा दबाव संख्या आणि हेल्थमधूनच येतो. शेवट असा काही नाहीच. ब्लॅक ऑप्स 1 आणि 2 मध्ये तर हेल्थ वाढत वाढत 163 व्या राउंडला गेमच्या पूर्णांक मर्यादेपलीकडे जातं, आकडा उणे होतो आणि झॉम्बी एका फटक्यात मरायला लागतात. आपण तिथे पोचणार नाही हे मान्य, पण ही रेघ कुठेच अडवायची नाही असंच डिझाइन होतं हे त्यावरून कळतं.

आता किलिंग फ्लोर 2. इथे आधीच ठरलेलं असतं, 4, 7 किंवा 10 वेव्ह आणि मग बॉस. मधल्या म्हणजे सात वेव्हच्या गेममध्ये झेडची, म्हणजे इथल्या शत्रूंची, मूळ संख्या अशी जाते: 25, 28, 32, 32, 35, 40, 42. पहिल्या वेव्हपासून शेवटच्यापर्यंत दुप्पटसुद्धा नाही! झॉम्बीजमध्ये चौघांना पहिल्या राउंडला 10 आणि विसाव्याला 240 येतात, चोवीस पट. इथे जेमतेम पावणेदोन पट. याला अवघडपणाचा गुणक वेगळा लागतो, पण एका गेममध्ये तो बदलत नाही.

मग अवघड कसं होतं? प्रकारांनी. पहिल्या वेव्हला क्लॉट, सिस्ट असले हळू येणारे, पिस्तुलाने उडणारे. मग गोरफास्ट धावत येतात, क्रॉलर खालून येतात, स्टॉकर अदृश्य होऊन जवळ येतात. त्यानंतर ब्लोट, हस्क, सायरन आणि शेवटी स्क्रेक आणि फ्लेशपाउंड. यातला प्रत्येक जण तुमची एक सवय मोडतो. सायरन किंचाळली की तुमचे ग्रेनेड हवेतच नष्ट होतात, म्हणजे स्फोटकांवर जगणाऱ्याचं काम थांबतं. हस्क लांबून आग फेकतो, म्हणजे एका जागी उभं राहून मारता येत नाही. फ्लेशपाउंडला अर्धवट मारून सोडलात तर तो चिडतो आणि सरळ अंगावर येतो. म्हणून इथे भूमिका लागतात. स्टॉकर दिसायला कमांडो हवा, मोठ्यांना पाडणारा कोणी हवा, मेडिक हवा. वेव्हच्या मधल्या ट्रेडर टाइममध्ये पुढे काय येणार याचा विचार करून खरेदी करावी लागते, तो वेळ नुसता श्वास घ्यायला नाहीये.

खेळाडूंच्या संख्येचा हिशोबही इथे उलटा आहे. एकट्याला 1 पट, दोघांना 2, तिघांना 2.75, चौघांना 3.5, पाचांना 4, सहांना 4.5. म्हणजे चौघांची शेवटची वेव्ह 42 गुणिले 3.5, 147. माणशी 37 च्या आत. सहा जण असाल तर 189, माणशी 32 पण नाही. माणसं वाढली की संख्येत सूट मिळते आणि ती सगळ्या वेव्हना सारखीच राहते, विसाव्यानंतर उलटणं वगैरे प्रकार नाही. त्याची भरपाई गेम दुसरीकडे करतो, स्क्रेक आणि फ्लेशपाउंडचं हेल्थ खेळाडूंच्या संख्येनुसार वाढवतो. सहा जणांच्या गेममध्ये फ्लेशपाउंडवर सगळ्यांनी एकदम फायर करायला पाहिजे, एकट्याने त्याच्याशी खेळत बसायचं नाही.

दोघं असाल तर मात्र चित्र पलटतं. किलिंग फ्लोर 2 मध्ये दोघांना बरोबर दुप्पट, सूट शून्य. झॉम्बीजमध्ये दोघांचा फॉर्म्युला 24 + 6m, म्हणजे माणशी 12 + 3m, आणि एकट्याला 24 + 3m. कितीही वरच्या राउंडला जा, दोघं असताना माणशी बारा झॉम्बी कमीच. शिवाय 24 चा तो कॅप दोघांत वाटला जातो आणि एक पडला तर दुसरा उचलायला आहे. जोडी असेल तर झॉम्बीज, यात मला शंका नाही. तिघांचं मधलं आहे, तिथे रेघ तेविसाव्या राउंडच्या आसपास उलटते आणि बहुतेक ग्रुप त्याआधीच संपतात, म्हणून चालून जातं.

चौघं किंवा जास्त असाल आणि दोन तासांत शेवट बघायचा असेल तर किलिंग फ्लोर 2. इथे हरण्याचं कारणही दिसतं. वेव्ह 5 ला मेलात तर बहुतेक वेळा सांगता येतं की दोन स्क्रेक एकदम आले आणि मोठी गन एकाकडेच होती. झॉम्बीजमध्ये पडलेला माणूस पुढच्या राउंडला सुरुवातीचं पिस्तूल घेऊन येतो आणि पंचविसाव्या राउंडला 4,000 च्या वर हेल्थ असलेल्या झॉम्बीसमोर त्या पिस्तुलाचा उपयोग फक्त पॉइंट गोळा करायला. एक पडला की बाकीच्यांवर ताण, मग दुसरा पडतो, आणि दहा मिनिटांत सगळं संपतं. नवखा मित्र ग्रुपमध्ये असेल तर हे खरंच त्रासदायक होतं. किलिंग फ्लोरमध्येही मेलेला पुढच्या वेव्हलाच परततो आणि गिअर गमावतो, पण क्लॉट तिथेही क्लॉटच असतो, सुरुवातीच्या बंदुकीने मरतो, त्यामुळे नवखा निदान बारीक झेड साफ करत राहू शकतो.

तिसरा रस्ता म्हणून गिअर्स ऑफ वॉर 2 चा होर्ड आहे, 2008 चाच. 50 वेव्ह, पण दर दहा वेव्हनी तोच क्रम परत येतो आणि शत्रू आधीपेक्षा तगडे होऊन येतात. 2011 च्या तिसऱ्या भागात दर दहाव्या वेव्हला बॉस आला. संख्या आणि प्रकार यांच्या मधला हा तोडगा आहे, पण 50 वेव्ह एका बैठकीत होत नाहीत, म्हणून दोन तासांच्या ग्रुपला मी तो सुचवत नाही.

झॉम्बीज घ्यायचं ठरलं तर ब्लॅक ऑप्स 3 आणि त्यावरचं झॉम्बीज क्रॉनिकल्स घ्या, किनोसकट आठ जुने मॅप मिळतात. चौघं असाल तर विसाव्यापर्यंत जे पॉइंट साठतात ते नव्या गन्सवर उडवू नका, सापळ्यांसाठी ठेवा आणि थंडरगनसारखं वंडर वेपन हाती येईल असं बघा, कारण त्यांना झॉम्बीच्या हेल्थशी देणंघेणं नसतं, तिसाव्यालाही मारतात. किलिंग फ्लोर 2 घेतलंत तर पहिल्या दिवशी चार वेव्हवालं लावा, नॉर्मलवर, आणि एक पर्क, म्हणजे कमांडो, मेडिक अशी भूमिका, ठरवून तोच धरून ठेवा, दर वेव्हला बदलत बसू नका.