स्टीम स्टेरिलायझर, अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर: क्षार, सर्व्हिस सेंटर आणि ७० अंशांचं पाणी

बाळाच्या बाटल्या वाफेवर निर्जंतुक करणारं, वॉरंटीत असलेलं मशीन दुरुस्त करायला सर्व्हिस सेंटरने नकार दिला, म्हणून हे लिहायला बसले. "मॅडम, प्लेटवर क्षार साचलाय. ते वॉरंटीत येत नाही, प्लेट बदलायचे पैसे पडतील." आमच्याकडे पुण्याच्या कडेला बोअर आणि टँकरचंच पाणी येतं. ज्या मशीनमध्ये रोज पाणी उकळायचं, त्यात क्षार धरणारच. आणि ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलेली! याचा मला खरोखर संताप आला.

कारण हा क्षार नुसता दिसायला वाईट नाही. पाणी संपलं की प्लेट एकदम तापते आणि त्या तापण्यावरच मशीन आपोआप बंद होतं. प्लेटवर पांढरट-तपकिरी थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट जात नाही, प्लेट लवकर तापते आणि पाणी शिल्लक असतानाच मशीन बंद पडतं. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. नवीन असताना आमचं मशीन साधारण दहा-बारा मिनिटं चालायचं, ते निम्म्या वेळात थांबायला लागलं. झाकण उघडलं तर तळाशी पाणी तसंच आणि बाटल्या जेमतेम गरम. तुमच्याकडे असं होत असेल, तर त्या बाटल्या निर्जंतुक झाल्या असं धरू नका.

उपाय वाण्याच्या दुकानात मिळाला. दोन चमचे लिंबूसत्त्व पेलाभर गरम पाण्यात विरघळवून प्लेटवर ओतलं आणि अर्धा तास ठेवलं. बारीक फेस येऊन थर सुटला. मग प्लेट धुतली आणि बाटल्या न ठेवता एकदा नुसतं पाणी उकळून टाकलं. तारेची घासणी लावू नका, प्लेटवरचा लेप जातो. आता मशीनमध्ये आरओचं पाणी घालते आणि दर पंधरवड्याला लिंबूसत्त्व वापरते. वेळ पुन्हा पहिल्यासारखी झाली. बदलायला सांगितलेली प्लेट वीस रुपयांत साफ झाली.

हे मशीन बाटली धुवत नाही, हेही सांगायला हवं. निपल आणि रिंग सुटी करून साबण आणि ब्रशने घासली नाही, तर दुधाचा चिकट थर वाफेतही तसाच राहतो. बाहेर काढल्यावर ओलावा फडक्याने पुसू नका, झटकून जाळीवर वाळू द्या.

पहिले दोन महिने मला वाटायचं, बाटली निर्जंतुक झाली की काम झालं. बालरोगतज्ज्ञांनी समजावल्यावर माझं मत बदललं. फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जीवाणू असू शकतो. संसर्ग क्वचित होतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो जिवावर बेतणारा ठरतो. बाटली कितीही उकळली तरी पावडरीतला जीवाणू मरत नाही, तो मारायचा तर पाणी निदान ७० अंश सेल्सिअस हवं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. या मशीनचं ४५ अंशांचं बटण मला आधी फार आवडायचं. पावडर कालवण्यासाठी ते कुचकामी आहे.

आमची पद्धत अशी: लिटरभर पाणी उकळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. कपभरच उकळलं तर ते फार लवकर निवतं. बाटलीत आधी ९० मिली पाणी, रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून बघायची. मग डब्यातल्याच चमच्याने तीन सपाट चमचे पावडर, कारण आमच्या डब्यावर ३० मिलीला एक चमचा असं प्रमाण आहे. आधी पावडर टाकून ९० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर दूध दाट होतं. मग झाकण लावून बाटली नळाखाली धरायची आणि मनगटावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करायची. बाळाने तोंड लावलेली बाटली उरली तर टाकून द्यायची. पावडर महाग आहे, जीव तुटतो, तरीही.

पंपाने काढलेल्या अंगावरच्या दुधाला एवढा जाच नाही. ते २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं, पण आमच्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघर त्याहून कितीतरी तापतं, म्हणून काढलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, मात्र दाराच्या कप्प्यात नाही, मागच्या भिंतीशी ठेवायचं. ६०-६० मिलीच्या पिशव्या भरून तारीख-वेळ लिहिते, म्हणजे वाया जात नाही. फ्रीजरमधलं दूध वितळल्यावर साबणासारखा वास आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, नासलंय हे, टाकून दे." ते नासलेलं नव्हतं. दुधातल्याच लायपेज एन्झाइममुळे असा वास येतो आणि दूध चांगलं असतं. नासलेलं दूध आंबूस लागतं. वितळवलेलं मात्र चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

मशीन घ्यावं का? दिवसातून एक-दोनच बाटल्या लागत असतील तर नको. पातेल्यात बाटल्या पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता दहा मिनिटं खळखळ उकळल्या की तेच काम होतं. जास्त लागत असतील तर घ्या, पण प्लेट उघडी आणि हात पोचेल अशी असलेलंच घ्या. दुकानात झाकण काढून बघा.