पायथागोरस की खाल्डियन: आमच्या दोन नावांचा हिशेब

लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली होती, गुणही पुरेसे होते. तरी मावशीच्या समाधानासाठी आम्ही नावांचं अंकशास्त्र बघायला गेलो. कॉलेज रोडवरचे गृहस्थ पायथागोरसवाले, पंचवटीतले काका खाल्डियनवाले. एकाने "उत्तम जोडी" सांगितलं, दुसऱ्याने मान हलवली. ज्यांना आज हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी लिहितोय.

दोघांनीही फक्त पहिली नावं घेतली, Deepak आणि Pooja.

पायथागोरस पद्धतीत A ते I ला 1 ते 9, मग J पासून पुन्हा 1. दीपकचे 4+5+5+7+1+2 म्हणजे 24, मग 2+4 करून मूळ अंक 6. पूजाचे 7+6+6+1+1 म्हणजे 21, अंक 3. तिथे 3-6-9 हा एक गट, म्हणजे जमलं.

खाल्डियनमध्ये P ला 7 नाही, 8. त्या एका अक्षराने दीपक 25 वर गेला आणि अंक 7 झाला. पूजाचे 8+7+7+1+1 म्हणजे 24, अंक 6. या पद्धतीत 7 बसतो 1-2-4-7 च्या घरात आणि 6 बसतो 3-6-9 च्या. म्हणून काकांची मान हलली.

फरक येतो तो कोष्टकांच्या मुळातून. पहिलं कोष्टक इंग्रजी वर्णमालेच्या क्रमावर उभं आहे. पायथागोरस ग्रीक लिहायचा, तेव्हा J आणि W नव्हतेच, त्यामुळे हे कोष्टक त्याचं असणं अवघडच. दुसऱ्याचे आकडे बहुतेक हिब्रू अक्षरांच्या जुन्या किमतींशी जुळतात. हिब्रूतल्या वाव अक्षराची किंमत 6, म्हणून U, V, W तिन्ही 6. योदची 10, म्हणून I, J, Y तिन्ही 1. म्हणजे एकीकडे अक्षराचा रांगेतला नंबर मोजला जातो, दुसरीकडे थोडाफार उच्चार. खाल्डियनमध्ये 9 कुठल्याच अक्षराला नाही. काका म्हणाले तो पवित्र आहे म्हणून. मला वाटतं, 9 आणि 90 या किमतींची हिब्रू अक्षरं लॅटिनमध्ये उतरलीच नाहीत, एवढंच.

आता मला खटकलेली गोष्ट. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर Dipak आहे, आधारवर Deepak. जन्मदाखला मराठीत, तिथे नुसता "दीपक". पायथागोरसवाले मूळचं, जन्माचं नाव धरा म्हणतात. पण जन्माच्या वेळी माझं स्पेलिंगच नव्हतं! Dipak धरलं तर बेरीज 23, अंक 5, आणि 5-3 काही एका गटात नाहीत. दहावीच्या कागदावर नको, आधारवर हो. आपल्याकडे ई लिहायची तर कोणी ee लिहितो, कोणी i, आणि घरात दोघं भाऊ वेगवेगळं लिहितात. अशा ठिकाणी इतका हळवा हिशेब मला पटेना.

मग घरी बसून खाल्डियनने Dipak मोजलं. 4+1+8+1+2, बेरीज 16, अंक पुन्हा 7. दोन E चे 10, म्हणजे 1, आणि I चाही 1. ई कशीही लिहा, मूळ अंक हलत नाही. V-W चं तेच, दोन्ही 6. मराठी नावाला हा सैलपणा बरा पडतो. दोघांपैकी निवडायची वेळ आली तर मी इकडे झुकतो, निकाल माझ्या विरुद्ध असूनही.

अर्थात खाल्डियनही बिनचूक नाही. ऊ आला की पारडं उलटतं. Puja लिहिलं तर 8+6+1+1, म्हणजे 16, अंक 7. पायथागोरसमध्ये मात्र दोन O चे 12, म्हणजे 3, आणि U चाही 3, तिथे पूजा कशीही लिहा, 3 च. तेव्हा दोघांच्या नावात ऊ असेल आणि ई नसेल, तर माझा सल्ला फारसा कामाचा नाही.

शिवाय खाल्डियनमध्ये मूळ अंकाआधीची जोडसंख्याही बघतात. 16 म्हणजे वीज पडलेला बुरूज, वाईट. म्हणजे दीपक i ने लिहिला की बुरुजावर. पूजा u ने लिहिली की 7-7 जुळतात, पण तीही बुरुजावर. काकांना हे दाखवलं तर ते हसून म्हणाले, "मग एक a वाढवा." तिथे मी चपला घातल्या.

पत्रिका छापायच्या वेळी प्रेसवाल्याने विचारलं, "इंग्रजीत स्पेलिंग काय टाकू?" मी पूजाकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्या सगळ्या कागदांवर डबल ओ आहे. बदलायचं असेल तर बँकेच्या लायनीत तू उभा राहा."

डबल ओच छापलं.