टॅरोवालीने बाबांचं सगळं अचूक सांगितलं असं मला वाटलं होतं, मग मी रेकॉर्डिंग परत ऐकलं

माझे 36,600 रुपये गेलेत आणि ते बहुतेक परत येणार नाहीत. तरी लिहितेय, कारण मी शिकलेली बाई आहे, बँकेत काम करते, आणि तरीही दोन महिने मी शपथेवर सांगत होते की त्या बाईला कार्डांतून सगळं दिसतं.

बाबा गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते, भावाशी घरावरून बोलणं बंद होतं, रात्री झोप नव्हती. इन्स्टावर एका टॅरो रीडरचे रील्स यायचे, खूप गोड बोलायची, तर 1,100 रुपये भरून व्हिडिओ कॉल बुक केला. बुक करताना फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख आणि इन्स्टाचं अकाउंट मागितलं होतं, मी दिलं. माझ्या अकाउंटवर बाबांचा हार घातलेला फोटो आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

कॉल झाल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले की तिने बाबांचा किडनीचा आजार ओळखला, भाऊ दुरावलाय हे ओळखलं. मग तिने सांगितलं घरावर काहीतरी "बांधलेलं" आहे, त्याचं शुद्धीकरण 11,000, आणि तीन आठवड्यांनी म्हणाली ते अर्धवट सुटलंय, आता सोडलं तर मुलीच्या लग्नावर येईल, त्याचे 24,500. मुलीचं नाव काढल्यावर मी विचारसुद्धा केला नाही, लगेच जीपे केलं.

माझ्या नणंदेचा मुलगा इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "मामी, हे कोल्ड रीडिंग नाही का? तुम्हीच सांगितलं असेल आणि तिने परत तुम्हालाच सांगितलं असेल." मला इतका राग आला की मी त्याच्यापुढे रेकॉर्डिंगच लावलं. नशीब की तिनेच सांगितलं होतं, रेकॉर्ड करून ठेवा, नंतर पटेल.

आता ऐका त्यात काय आहे. ती म्हणते, "एक मोठी व्यक्ती दिसतेय, आता या जगात नाही किंवा तुमच्यापासून लांब आहे." मी म्हणते, "बाबा का?" ती, "हो ताई, बाबाच येतायत, छातीच्या भागात काहीतरी दिसतंय." मी, "नाही, अटॅक नव्हता, किडनीचं होतं, डायलिसिस चालू होतं." ती, "तेच, पण शेवटी श्वासाचा त्रास झाला ना?" आणि मी रडत "हो हो" म्हणतेय. किडनी हा शब्द तिच्या तोंडी एकदाही नाही! मी दिला. छाती हा तिचा अंदाज चुकला होता, पण शेवटच्या दिवसांत श्वासाचा त्रास किती जणांना होतो, म्हणून तो लागला. आणि माझ्या आठवणीत काय राहिलं तर "तिने किडनी ओळखली".

भावाचं तर अजून भारी आहे. ती विचारते, "भाऊ नाहीये ना तुम्हाला?" मी म्हटलं आहे की एक, तर लगेच, "तेच म्हणतेय मी, असून नसल्यासारखा." मी नाही म्हटलं असतं तर "तेच म्हणतेय, एकट्या पडलात" म्हणाली असती. असा "नाही ना?" वाला प्रश्न आला की कान टवकारा, कारण त्याला हो म्हणा की नाही म्हणा, समोरचा बरोबरच ठरतो. मी त्या चाळीस मिनिटांत असे नऊ मोजले.

पण मला हे एवढ्यावर सोडायचं नव्हतं, सगळेच असे असतात का हे हवं होतं. माझ्या वहिनीच्या ओळखीतल्या एक बाई नाशिकला बऱ्याच वर्षांपासून टॅरो करतात, त्यांच्याकडे गेले आणि भाच्याचा प्रश्न तसाच्या तसा विचारला. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "थोडं कोल्ड रीडिंग माझ्याकडूनही होतंच, न ठरवता. माणूस समोर बसला की त्याचे डोळे, आवाज, अंगठी नसलेलं बोट, हे दिसतंच हो, मी आंधळी नाहीये. खोटारडा तो, जो हे डोळ्यांनी बघून कार्डाने सांगितलं म्हणतो."

त्यांनीच मला रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं. तो तरुणपणी हात बघायचा, लोक इतके खूश व्हायचे की त्याला स्वतःलाच वाटायला लागलं होतं हे खरं आहे. मग एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने हस्तरेषांवरून जे निघेल त्याच्या बरोबर उलटं सांगून बघितलं, तरी लोक तेवढेच खूश. म्हणजे समोरचा "अगदी बरोबर" म्हणतो यावरून रीडरलासुद्धा काहीच कळत नाही. त्या म्हणाल्या, मी हे वाचल्यावर आठवडाभर कार्डांना हात लावला नव्हता.

मग त्यांनी एक करून दाखवलं. आम्ही सहा बायका जमलो, त्यांनी दुसऱ्या खोलीत बसून प्रत्येकीच्या नावाने तीन-तीन कार्डं काढली, आम्हाला न बघता, काही न विचारता सहा कागद लिहिले, नाव नाही फक्त नंबर. आपला कागद कोणता ते प्रत्येकीने ओळखायचं. दोघींना बरोबर आला. मी खूश झाले तर त्यांनीच थांबवलं, की डोळे मिटून उचलला तरी सहांत सरासरी एकीचा बरोबर येणारच, दोन म्हणजे काही सिद्ध होत नाही. मी जो कागद माझा म्हणून घट्ट धरला होता, बाबांबद्दलच आहे असं वाटून डोळ्यांत पाणी आलं होतं, तो माझ्या वहिनीचा निघाला.

मग मी विचारलं, असं असेल तर तुम्ही करता कशाला? त्यांनी फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर बर्फात दोन गरीब चाललेत, एक कुबड्यांवर, आणि मागे उजेड असलेली काचेची खिडकी आहे. माझ्या कॉलमध्येही हेच कार्ड आलं होतं, त्यावरूनच "घरावर काहीतरी बांधलंय" निघालं. या बाईंनी मात्र काही सांगितलंच नाही, फक्त विचारलं, "तुम्हाला यात आधी काय दिसलं?" मी म्हटलं खिडकी, आत कोणीतरी आहे आणि मला बोलवत नाहीये. मग मी भावाबद्दल अर्धा तास बोलले. त्या म्हणाल्या, "बघा, हे कार्डातून नाही आलं, तुमच्यातून आलं, कार्ड फक्त बोलायला निमित्त. ही मुळात पंधराव्या शतकात इटलीत खेळायची पानं होती, भविष्य सांगणं कितीतरी नंतर आलं."

त्यांचे नियम मी लिहून आणलेत. आजारपण, मृत्यू आणि कोर्टाचा निकाल यावर कार्ड काढायचं नाही. जो हजर नाही त्याच्या मनातलं सांगायचं नाही. उपाय विकायचा नाही, कुठलाच, एक रुपयाचासुद्धा. फी आधी ठरलेली, आणि तोच प्रश्न घेऊन महिन्याभरात परत आलं तर घरी पाठवतात. अंदाज चुकला तर "चुकलं माझं" म्हणतात, त्याला वळवून बरोबर करत नाहीत. सगळे टॅरोवाले त्यांच्यासारखा विचार करत नाहीत, बरेच जण मनापासून मानतात की पत्त्यांत काहीतरी आहे, पण मला फसवलं ते पत्त्यांनी नाही, भीती घालून वर उपाय विकण्याने फसवलं.

त्या रील्सवालीला मी पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून फळ मिळालं नाही", आणि ब्लॉक केलं. जीपेचे स्क्रीनशॉट, मुलीच्या लग्नाचा तो मेसेज आणि रेकॉर्डिंग जोडून पोलिसांत अर्ज दिलाय. कोणाला असंच "अर्धवट सुटलंय" म्हणून दुसरा हप्ता मागितला असेल तर तो मेसेज डिलीट करू नका. परवा भावाला फोन केला. दोन मिनिटंच बोललो, पण घराचं काढलं नाही, दोघांनीही.