स्कर्टिंगच्या बिलात ४,६५० रुपये असे उकळले

टू बीएचकेच्या टाइल्सचं फायनल बिल हातात पडलं. त्यात भिंतीच्या तळाशी लावायच्या टाइलच्या पट्टीची एक ओळ होती: स्कर्टिंग, १७० रनिंग फूट, ४० रुपयांनी ६,८०० रुपये. खाली माल: सहा बॉक्स, ९०० रुपयांनी ५,४००. खोलीवार मोजमाप कुठेच नाही. दोन लाखांच्या वरच्या बिलात एवढ्याशा ओळीवर कुणाची नजर थांबणार? कंत्राटदाराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो हात मारतो तो याच ओळीत.

नंतर खोलीवार आकडे मागितले, तर हॉल ५२, बेडरूम ४४ आणि ४०, किचन ३४. हॉल १६ बाय १०. म्हणजे ५२ ही सरळ चारही भिंतींची बेरीज. ज्या हॉलला पाच ठिकाणी दारं आणि वाटा आहेत, तिथे स्कर्टिंग परिमितीएवढं येईलच कसं? हा आकडाच ओरडून सांगत होता, आणि तो बघायच्या आधी पैसे गेले होते. याचीच चीड जास्त आहे.

खरा हिशोब असा. हॉलचं मेन डोअर साडेतीन फूट, बाल्कनीचा स्लायडिंग सहा, दोन बेडरूमची दारं सव्वातीन-सव्वातीन, किचनची उघडी वाट तीन. एकूण १९ फूट वजा. दाराचं माप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या, कारण पट्टी चौकटीला टेकून थांबते. नुसतं फळीचं माप धरलंत तर दर दारामागे चार-पाच इंच त्याच्या खिशात. किचनच्या वाटेला चौकट नाही, तिथे सहा इंची भिंतीच्या दोन्ही बाजूंना पट्टी वळते, म्हणून एक फूट वाढवायचा. तो त्याचा हक्काचा. हॉल झाला ३४ फूट.

बेडरूमचं दार हॉलमध्ये वजा केलं म्हणून बेडरूममध्ये सोडायचं नाही. दोन्हीकडे पट्टी तुटते, दोन्हीकडे वजा करा. दोन्ही बेडरूममध्ये सव्वातीनचं दार आणि पावणेतीनचं टॉयलेटचं, म्हणजे सहा-सहा फूट कमी: ३८ आणि ३४. किचनमध्ये वाट तीन, ड्राय बाल्कनीचं दार पावणेतीन, आणि नऊ फुटी ओट्यामागे ट्रॉल्या. तिथे पट्टी लावलेलीच नाही. ओट्याची खोली बाजूच्या भिंतींवरही दोन-दोन फूट खाते, म्हणून तेरा वजा. उरले सव्वापंधरा. सगळं मिळून १२१.२५ फूट, मजुरी ४,८५० रुपये. म्हणजे १,९५० रुपये हवेतले.

मालात त्याहून मोठा डल्ला. टाइल ६०० बाय ६०० मिलिमीटर, बॉक्समध्ये चार नग. चार इंची पट्टीसाठी त्याने एका टाइलच्या चारच पट्ट्या धरल्या. सहा निघतात. पाच कट लागतात, ब्लेड दर कटला दोन-अडीच मिलिमीटर खातं, म्हणून पट्टीची उंची १०० ऐवजी ९८ धरायची. दोन मिलिमीटर कुणाला दिसत नाहीत. पट्टीची लांबी १.९७ फूट. १२१.२५ फुटांना ६२ पट्ट्या, तूटफूट धरून ६८, म्हणजे १२ टाइल्स, तीन बॉक्स. त्याने १७० फुटांवर तूट चढवून ९६ पट्ट्या काढल्या, चाराने भागलं आणि सहा बॉक्स मागवले. तीन बॉक्स, २,७०० रुपये.

बारा फुटी भिंतीला सहा पट्ट्या पुरत नाहीत, शेवटी साधारण सव्वादोन इंचांचा तुकडा बसतो. त्यासाठी तो सातवी पट्टी अख्खी मोजतो. बाकीची जवळजवळ पावणेदोन फुटी पट्टी दाराशेजारच्या भिंतीत जाते, तिथेही ती नवी म्हणून धरली जाते. मोजायचं असेल तर भिंतीवर लागलेल्या लांबीवरून मोजा, पट्ट्यांच्या संख्येवरून नाही. आणि उरलेले बॉक्स 'साइटवर अडचण नको' म्हणत त्याच्या टेम्पोत चढू देऊ नका. आमचे तसेच गेले.

'दारं वजा होत नाहीत, रिवाज आहे, कटिंगची मेहनत जाते,' हे त्याचं उत्तर. रिवाज असेल तर तो कोटेशनमध्ये लिहून द्यावा. कागदावर असेल तर तो ठरलेला भाव, नसेल तर लूट.

पोलीस ठाण्यात सांगितलं, दिवाणी मामला आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? बिल साध्या कागदावरचं, जीएसटी नंबर नाही. सोसायटी म्हणते, फ्लॅटच्या आतलं तुमचं तुम्ही बघा. उरला जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे खरं. पण ४,६५० रुपयांसाठी तारखांना रजा टाकून कोण जाणार? जो तो पुढच्या दारावर बोट दाखवतो, आणि तो कंत्राटदार तोवर दुसऱ्या कुणाच्या हॉलची चारही भिंतींची बेरीज करत असतो.

फायनल पेमेंटच्या आधी टेप घ्या, मिस्त्रीला टेपचं दुसरं टोक धरायला लावा, आणि प्रत्येक खोलीचा आकडा त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.