गच्चीवर भाज्या: ग्रो बॅग की सिमेंटची कुंडी?

आधी वजनाचा हिशोब करा, बाकी सगळं नंतर. 15 इंच रुंद बॅगेत 12 इंच मिक्स भरलं तर साधारण 34 लिटर होतं, कोकोपीट नि कंपोस्ट जास्त असेल तर पाणी घातल्यावर 35 किलोच्या आसपास. तेवढ्याच मापाची सिमेंटची कुंडी रिकामीच 25 किलोपर्यंत जाते, म्हणजे भरल्यावर 60, आणि नुसती बागेतली माती भरली तर अजून बरंच जास्त. अशा 20 कुंड्या म्हणजे 1200 किलो, बॅगा 700. म्हणून कुंड्या ठेवायच्याच असतील तर स्लॅबच्या मधोमध नको, खाली बीम किंवा भिंत आहे तिथे कडेने ठेवा.

दुसरं म्हणजे गच्ची गळायला लागली की सगळं हलवावं लागतं. भरलेली बॅग दोघं जण खालून धरून उचलतात (हँडलला धरून नको, शिवण उसवते), कुंडी मात्र हलवताना तडकते.

पण बॅग उन्हाने दोन-तीन वर्षांत विरते, हाताने चोळली की भुगा पडायला लागला तर बदला. सिमेंट वर्षानुवर्षं टिकतं, फक्त नवीन कुंडीत चुना असतो, आठवडाभर पाणी भरून बदलत राहा, नाहीतर कोवळी पानं पिवळी नि शिरा हिरव्या दिसतात.

मी टोमॅटो, वांगी, मिरची बॅगेतच लावेन, विटांवर ठेवून, म्हणजे खालची भोकं बुजत नाहीत. कडीपत्ता मात्र सिमेंटमध्ये, तो कुठे हलवायचा नसतो आणि वाऱ्याने आडवाही होत नाही.